‘लिखिबेन’ की ‘लिखबेन’: बंकिमचंद्रांचा एक निबंध पुन्हा छापताना

कोलकात्यात कॉलेज स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत एक छोटा प्रकाशक आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी जुन्या बंगाली निबंधांचा संग्रह काढायचं त्याने ठरवलं आणि संपादनाचं काम माझ्याकडे आलं. मी मराठी घरातली, पण शाळेपासून याच शहरात वाढले, आणि मुद्रितं तपासूनच पोट भरते. संग्रहातल्या सगळ्या निबंधांची हकिकत सांगत बसत नाही. डोकं खाल्लं ते एकाच निबंधाने, आणि तो होता जेमतेम दोन-तीन पानांचा.

‘बाङ्गालार नब्य लेखकदिगेर प्रति निबेदन’, म्हणजे बंगालच्या नव्या लेखकांना विनंती. लेखक बंकिमचंद्र चट्टोपाध्याय, आपल्याला ‘वंदे मातरम्’मुळे माहीत असलेले. ‘प्रचार’ मासिकाच्या बंगाली सन १२९१ च्या माघ महिन्याच्या अंकात, म्हणजे १८८५ च्या सुरुवातीला, तो आला आणि पुढे ‘विविध प्रबंध’च्या दुसऱ्या भागात गेला. यश, पैसा, अलंकार, अनुकरण अशा एकेका गोष्टीवर एकेक कलम, आणि कलमं आकडे घालून दिलेली. मुलांना नेमायला याहून सोयीचा मजकूर मिळणं अवघड.

प्रकाशक म्हणाला, “दिदि, मुलांना हे ‘करिया-हइया’ आता वाचवत नाही. क्रियापदं तेवढी चलित करून टाका. दोन दिवसांचं काम आहे.”

बंगालीची ओळख नसलेल्यांसाठी थोडं थांबते. बंगाली गद्याची दोन रूपं आहेत: जुनी, ग्रांथिक साधु भाषा आणि बोलण्याच्या जवळची चलित भाषा. एकोणिसाव्या शतकातलं बहुतेक गंभीर गद्य साधु भाषेत आहे. १९१४ मध्ये लेखक प्रमथ चौधुरींनी ‘सबुजपत्र’ हे मासिक सुरू केलं, रवींद्रनाथांनी त्यांना साथ दिली, आणि तिथून चलित भाषेने बैठक मारली. आज पुस्तकं, वर्तमानपत्रं, शाळा, सगळीकडे चलितच चालते. साधु उरली ती जुन्या पुस्तकांत, कायद्यात आणि समारंभात. बांगलादेशाची १९७२ ची राज्यघटना साधु भाषेत आहे. दोन्हींतला शब्दसाठा बराचसा एकच. फरक मुख्यतः क्रियापदांत आणि सर्वनामांत. ‘करून’साठी साधु भाषेत ‘करिया’, चलितमध्ये ‘करे’. ‘करीन’साठी ‘करिब’ आणि ‘करब’. ‘त्याचा’साठी ‘ताहार’ आणि ‘तार’. बंगाली शब्द मी इथे अक्षराला अक्षर ठेवून देवनागरीत लिहितेय. उच्चार वेगळा होतो: ‘यश’चा ‘जश’, ‘करिया’चा ‘कोरिया’. पण छपाईचा प्रश्न अक्षरांचा असल्यामुळे अक्षरंच दाखवलेली बरी.

आपल्याकडे याला नेमकी जोड नाही. आगरकरांचा निबंध आज छापताना आपण मुके अनुस्वार काढतो, फार तर ‘करितात’वर घुटमळतो. पण मराठीत क्रियापदांचे दोन पूर्ण संच समोरासमोर उभे नाहीत. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र मराठीत आणले. मूळ कादंबऱ्यांत बहुतेक ठिकाणी निवेदन साधु भाषेत आणि माणसांचं बोलणं चलितमध्ये आहे, हे मराठी वाचकाला कळायला वावच नव्हता.

तर क्रियापदं ‘तेवढी’ बदलायची होती. माझ्याबरोबर काम करणारा मुलगा हुशार, संगणकाला सरावलेला. त्याने निबंधाची टंकलेली फाइल उघडली आणि शेवटांचे नियम केले. शब्दाच्या शेवटी ‘-इया’ आलं की ‘-ए’. ‘-इते’चं ‘-ते’, ‘-इब’चं ‘-ब’, ‘-इबेन’चं ‘-बेन’, ‘-इत’चं ‘-त’, ‘-इल’चं ‘-ल’. ‘हइते’ हा शब्द दिसला की ‘थेके’. अख्ख्या संग्रहावर एकदम फिरवलं. पहिल्या पानावर ‘लिखिबेन’चं ‘लिखबेन’ झालेलं पाहून तो खूश झाला आणि चहा आणायला गेला.

चहा येईपर्यंत मी तिसऱ्या निबंधात पोचले होते. तिथे ‘शिव’ होता, बंगाली अक्षरांत ‘शिब’. नियमाने त्याचा ‘शब’ करून टाकला होता. इकार गेला की शिवाचं शव होतं हे आपल्याकडे कीर्तनात ऐकलेलं होतं, डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं. ‘दुनिया’ची ‘दुने’ झाली होती, ‘शान्तिते’ (म्हणजे शांततेत) याचं ‘शान्तते’, ‘उचित’चं ‘उचत’. हे सगळं दिसतं, कारण ‘उचत’ हा शब्दच नाही. शब्द तपासणारा प्रोग्रॅमही त्याखाली लाल रेघ ओढतो.

भीती वाटते ती न दिसणाऱ्याची. ‘लिखित’ हा शब्द घ्या. बंगालीत तो संस्कृतातून आलेला आहे, अर्थ आपल्यासारखाच. पण साधु भाषेत ‘तो लिहीत असे’ हेही ‘लिखित’ असंच लिहितात, आणि त्याचं चलित रूप ‘लिखत’. म्हणजे जिथे ‘लिखित नियम’ होते तिथे ‘लिखत नियम’ झालं, आणि ‘लिखत’ हा बिनचूक बंगाली शब्द असल्यामुळे लाल रेघ आली नाही. सगळ्यांवर कडी आमच्याच प्रस्तावनेत झाली होती. ती मी स्वतः चलितमध्ये लिहिली होती. तिच्यात चार ठिकाणी ‘चलित भाषा’ असं होतं. चारही ठिकाणी ‘चलत भाषा’ झालं: भाषा चालायची म्हणे, एके काळी!

गंमत म्हणजे नियम जिथे लागायला हवे होते तिथेही सगळीकडे लागले नव्हते. काही निबंधांत ‘-इया’ची रूपं जशीच्या तशी साधु राहिली होती. कारण अगदी क्षुल्लक. बंगालीत ‘य’ला खाली ठिपका देऊन वेगळं अक्षर होतं, ‘करिया’मधलं ते हेच. संगणकात ते दोन तऱ्हांनी साठवलं जातं, एकसंध किंवा य अधिक ठिपका:

```
U+09DF
U+09AF U+09BC
```

पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी. फायली तीन वेगवेगळ्या माणसांनी टंकल्या होत्या, शोध मात्र एकाच तऱ्हेचा घेतला जात होता. आधी सगळा मजकूर एका तऱ्हेवर आणून मगच शोध घ्यायचा, एवढा धडा कामाचा निघाला. बाकी नियमांचा नाद त्याच दिवशी सोडला आणि मूळ फायलीची प्रत काढून बंकिमचंद्रांचा निबंध हाताने सुरू केला. आधार म्हणून बंगीय साहित्य परिषदेची आवृत्ती घेतली.

हाताने करताना पहिली गोष्ट कळली ती ही, की ‘इ गाळा’ हा नियमच नाही. साधुतून चलित होताना ‘इ’ जाता जाता मागच्या स्वराला वाकवून जाते. ‘राखिया’ची पायरीपायरीने ‘राइखा’ होते, ‘इ’ उडी मारून पुढे येते. मग ती आणि ‘आ’ मिळून ‘रेखे’ होतं. मधली पायरी पूर्व बंगालच्या बोलीत अजून जिवंत आहे. तिकडचा माणूस ‘कइरा’ म्हणतो तेव्हा तो ‘करिया’ आणि ‘करे’च्या मधोमध उभा असतो. बंगाली व्याकरणात या दोन टप्प्यांना अपिनिहिति आणि अभिश्रुति अशी नावं आहेत. साधु रूपं पंडितांनी घडवली असं बंगाल्यांतलेही काही जण सांगतात. क्रियापदांबाबत ते खरं नाही. ती बंगालीचीच जुनी रूपं आहेत, बोलणं पुढे गेलं आणि लिहिणं थांबलं एवढंच.

पण स्वर सगळीकडे वाकत नाही. ‘राखिया’चं ‘रेखे’, मात्र ‘राखिबेन’चं ‘राखबेन’. ‘खाइया’चं ‘खेये’, ‘खाइते’चं ‘खेते’, पण भविष्यकाळात ‘खाइब’चं ‘खाब’. ‘दिबे’चं ‘देबे’, ‘शुनाइबे’चं ‘शोनाबे’. बंगाली मुलाला हे शिकवावं लागत नाही, तोंडात असतं. माझ्या त्या सहकाऱ्याच्याही तोंडात होतंच, त्याने तोंडाला विचारलं नाही एवढंच.

आता निबंधातलं पाचवं कलम जवळून पाहू. मूळ असं आहे:

याहा लिखिबेन, ताहा हठात् छापाइबेन ना। किछु काल फेलिया राखिबेन। किछु काल परे उहा संशोधन करिबेन। ताहा हइले देखिबेन, प्रबन्धे अनेक दोष आछे।

मराठीत साधारण: जे लिहाल ते लगेच छापू नका. काही काळ ठेवून द्या. मग ते दुरुस्त करा. म्हणजे दिसेल, की निबंधात पुष्कळ दोष आहेत. बंगालीत ‘नका’ असा वेगळा शब्द नाही, नम्र मनाई भविष्यकाळात करतात. त्यामुळे या निबंधात ‘-बेन ना’ची धून सतत वाजत राहते.

प्रकाशकाच्या सांगण्याप्रमाणे फक्त क्रियापदं बदलली तर होतं असं: ‘याहा लिखबेन, ताहा हठात् छापाबेन ना... उहा संशोधन करबेन.’ कुठल्याही बंगाली मास्तरांसमोर हे वाचून दाखवा. ‘उहा संशोधन करबेन’शी ते हात वर करतील. ‘उहा’ साधु, ‘करबेन’ चलित. या भेसळीला बंगालीत ‘गुरुचंडाली दोष’ म्हणतात आणि शाळेत त्याचे गुण कापतात. (गुरू आणि चांडाळ एका पंगतीला बसले, असा त्या नावाचा अर्थ. जातीचा वास येणारं हे नाव व्याकरणाच्या पुस्तकात अजून सुखाने नांदतंय, त्यावर मात्र कुणी गुण कापत नाही.) म्हणजे क्रियापदांना हात लावला की सर्वनामंही बदलायला हवीत. ‘याहा... ताहा’चं ‘या... ता’. ‘उहा’चं ‘ओटा’ किंवा ‘सेटा’. पुढच्या वाक्यात ‘दुइ एक बत्सर’ आहे. चलितच्या शेजारी तेही अवघडून बसतं, म्हणून ‘दु-एक बछर’. चौथ्या कलमात ‘से सकल प्रबन्ध’, त्याचं ‘सेसब प्रबन्ध’. ‘क्रियापदं तेवढी’ हे वाक्य दुसऱ्याच दिवशी गळून पडलं होतं.

पूर्ण चलित केलेलं कलम असं:

या लिखबेन, ता हठात् छापाबेन ना। किछु काल फेले राखबेन। किछु काल परे सेटा संशोधन करबेन। ताहले देखबेन, प्रबन्धे अनेक दोष आछे।

सुबक आहे. चूक एकही नाही. तरी दुसऱ्या वाक्यातल्या ‘फेले’पाशी मी अडले. साधु भाषेत ‘फेलिया’ म्हणजे ‘टाकून’, आणि ‘फेले’ म्हणजे ‘टाकतो’. दोन अर्थ, दोन रूपं. चलितमध्ये दोन्ही ‘फेले’. बोलताना फरक ऐकू येतो, ‘टाकतो’चा उच्चार ‘फॅले’ असा होतो, पण छापलेल्या अक्षरांत तो नाही. ‘करे’चंही तेच: ‘कॉरे’ म्हटलं की करतो, ‘कोरे’ म्हटलं की करून. ‘देखे’, ‘बले’, ‘पड़े’, सगळी याच जातीची. सुरुवातीच्या काळात चलित छापणारे यासाठी ‘क’रे’, ‘ब’ले’ असं वर स्वल्पविराम देऊन लिहीत, गळलेल्या ‘इ’ची खूण म्हणून. आजच्या छपाईत तो बहुधा नसतो. इथे ‘फेले राखबेन’ ही जोडी ठरलेली असल्याने कुणी चुकणार नाही. पण जुनी वाक्यं लांब, त्यांत चार-चार ‘-इया’ ओळीने येतात आणि शेवटी एक मुख्य क्रियापद. सगळे ‘-इया’ ‘-ए’ झाले की वाक्याचा कणा कुठला हे शोधायला मुलाला पुन्हा मागे जावं लागतं. सोपं करायला निघालेली आवृत्ती तिथे मूळापेक्षा अवघड होते.

‘हइते’चा गुंता याहून उघड होता. साधु भाषेत ‘हइते’ म्हणजे ‘पासून, हून’, आणि ‘हइते’ म्हणजेच ‘व्हायला’. चौथ्या कलमात बंकिमचंद्र म्हणतात की असत्य आणि परनिंदेसाठी केलेले निबंध कधी ‘हितकर हइते पारे ना’, हितकर होऊ शकत नाहीत. आमच्या नियमाने तिथे ‘हितकर थेके पारे ना’ करून ठेवलं होतं: हितकरपासून शकत नाहीत! ‘नाइ’चंही तसंच. दुसऱ्या कलमात आहे ‘से दिन हय नाइ’, तो दिवस अजून आलेला नाही. त्याचं ‘हयनि’ होतं. सहाव्यात आहे ‘अधिकार नाइ’, अधिकार नाही, त्याचं ‘नेइ’. क्रियापदामागे आलेला ‘नाइ’ वेगळा आणि एकटा उभा असलेला ‘नाइ’ वेगळा. एका ठिकाणी ‘बलिया’ आहे: ‘सुन्दर बलिया बोध हइबे’. शब्दशः ‘सुंदर बोलून’. मराठी माणसाला हे पटकन कळतं, कारण आपलं ‘म्हणून’ असंच आहे, म्हणण्यातून निघालेलं आणि म्हणण्याशी संबंध न उरलेलं. चलितमध्ये ‘बले’ होतं आणि ‘बले’ म्हणजे ‘म्हणतो’ही.

एव्हाना माझं मन मूळ रूपांकडे झुकलं होतं. पण मन झुकणं हा काही पुरावा नव्हे, आणि प्रकाशकाचं म्हणणंही पोकळ नव्हतं. शिवाय त्याच्या हातात हुकमाचं पान होतं. निबंधातच बंकिमचंद्र म्हणतात, ‘सकल अलङ्कारेर श्रेष्ठ अलङ्कार सरलता’, सगळ्या अलंकारांत श्रेष्ठ अलंकार सरळपणा. “मग दिदि, स्वतः साहेबच सांगतायत, सोपं करा!” यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मलाच थोडं वकिली वाटलं: बंकिमबाबूंनी हे सरळपणाचं वाक्य लिहिलं ते साधु भाषेतच, म्हणजे त्यांच्या लेखी सरळपणा क्रियापदाच्या लांबीत नव्हता.

म्हणून आम्ही दोन्ही पाठ मुलांपुढे ठेवले. ओळखीच्या एका प्राध्यापकांच्या वर्गात अर्ध्या मुलांना मूळ, अर्ध्यांना चलित. मोठ्याने वाचायचं, मग मराठीत आपण ‘तुझ्या शब्दांत सांग’ म्हणतो तसं सांगायचं. याला संशोधन वगैरे म्हणत नाही, वर्गही लहान होता. पण दोन गोष्टी दिसल्या. मूळ वाचणारी मुलं हळू वाचत होती, आणि अडखळत होती ती ‘परिहार्य’, ‘उत्कर्ष’ अशा शब्दांवर. क्रियापदांवर नाही. ‘लिखिबेन’ म्हणजे ‘लिखबेन’ हे शाळेत सगळ्यांनी घोटलेलं असतं, साधुचं चलित करा असा प्रश्नच परीक्षेत असतो. आणि ज्या शब्दांवर ती अडत होती ते चलित पाठातही तसेच होते!

दुसरी गोष्ट मात्र मी अजिबात धरली नव्हती. पहिल्या कलमाचं शेवटचं वाक्य आहे: ‘लेखा भाल हइले यश आपनि आसिबे।’ लेखन चांगलं झालं तर यश आपण होऊन येईल. चलितमध्ये ‘लेखा भाल हले यश आपनि आसबे’. इथला ‘आपनि’ म्हणजे आपोआप. पण आजच्या बंगालीत ‘आपनि’ म्हटलं की आदरार्थी ‘तुम्ही’, दुसरं काही डोक्यात येत नाही. चलित पाठ वाचणाऱ्या दोन मुलांनी सांगितलं, ‘लेखन चांगलं झालं तर यश, तुम्ही याल’, आणि तिथे गप्प झाली, कारण वाक्याला अर्थ उरेना. क्रियापद ‘आसबे’ आहे, ‘आसबेन’ नाही, म्हणजे हे ‘तुम्ही’ असूच शकत नाही. एका ‘न’ची ही खूण दोन्ही पाठांत आहे. पण चलित वाचताना मुलं सरावाच्या वेगाने पुढे गेली. मूळ पाठवाल्यांतही एक जण तिथे अडला. तो मागे फिरला, दुसऱ्यांदा वाचलं, आणि म्हणाला, “ओ, ‘आपनाआपनि’!” समोरची भाषा आजची नाही हे त्याला प्रत्येक ‘-इबे’ सांगत होतं. चलित पाठाने तोच इशारा पुसून टाकला होता, आणि शब्द मात्र १८८५ चे तसेच ठेवले होते.

प्राध्यापकांनी याला नाव ठेवलं ते मला आवडलं: “कपडे आजचे, चाल कालची.” (बंगालीत ते जास्त चांगलं वाजलं.)

मग ठरलं ते असं. मुख्य पाठात साधु क्रियापदं आणि सर्वनामं जशीच्या तशी. शुद्धलेखन मात्र आजचं. हे दोन थर वेगळे आहेत, आणि लोक ते सर्रास एक समजतात. मूळात ‘धर्म्म’, ‘सौन्दर्य्य’ असं रफारानंतर दुहेरी व्यंजन छापलेलं असे. कलकत्ता विद्यापीठाने १९३६ मध्ये शुद्धलेखनाचे नियम केले तेव्हा हे दुहेरीपण काढून टाकलं. ‘धर्म्म’चं ‘धर्म’ केलं तर वाचणाऱ्याच्या तोंडातून निघणारा आवाज बदलत नाही, वाक्याची लय बदलत नाही. ‘लिखिबेन’चं ‘लिखबेन’ केलं की बोलताना तीन ठोक्यांचे दोन होतात. ‘यशओ हइबे ना, लेखाओ भाल हइबे ना’ हे दोनदा आपटणारं ‘हइबे ना’ चलितमध्ये ‘हबे ना’ होऊन नुसतं टिचकी मारतं. म्हणून शुद्धलेखनाचा थर बदलला, क्रियापदांचा नाही. शीर्षकाला दोन्ही थरांत हात लावला नाही, ‘बाङ्गालार’ आणि ‘लेखकदिगेर’ तसंच. ग्रंथालयाच्या सूचीत आणि प्रश्नपत्रिकेत निबंध त्याच नावाने येतो.

समासात, ओळीच्या बरोबरीने, बारीक टाइपात मदत दिली. पण प्रत्येक क्रियापदाला नाही. ‘लिखिबेन’ला काहीच नाही. ‘आपनि’ला ‘आपनाआपनि’. ‘हइते’ला जिथे जे असेल ते, ‘हते’ किंवा ‘थेके’. ‘बलिया बोध हइबे’ला ‘बले मने हबे’. आणि पाचवं कलम तेवढं निबंधाच्या शेवटी पूर्ण चलितमध्ये पुन्हा छापलं, वर ठळक अक्षरांत ‘रूपांतरित पाठ, लेखकाचा नव्हे’ असं लिहून. बंकिमचंद्र १८९४ मध्ये गेले, स्वामित्वहक्काची अडचण काही नव्हती. पण त्यांच्या नावाखाली ‘लिखबेन’ छापून खाली काहीच न लिहिणं म्हणजे विद्यार्थ्याच्या वहीत एक खोटं अवतरण सोडून देणं. तो उद्या प्रबंधात ते बंकिमचंद्रांच्या नावावर टाकेल, आणि दोष त्याचा नसेल.

प्रकाशकाची कुरकुर पाने वाढली यावर होती. अर्धं पान वाढलं. मग त्याने ती सोडून दिली.

शेवटच्या मुद्रितात एक जागा अजून बाकी होती. या निबंधात एक विचित्र गोष्ट आहे, वाचून वाचून डोळा सरावला की मगच दिसते. सुरुवातीच्या कलमांत बंकिमचंद्र नव्या लेखकांना ‘आपनि’च्या आदराने बोलतात: ‘लिखिबेन ना’, ‘छापाइबेन ना’, ‘चेष्टा करिबेन ना’. नवव्या कलमापासून सूर बदलतो. अलंकार फार सुंदर वाटला तर ती जागा मित्रांना पुन्हा पुन्हा वाचून दाखव, वाचताना लाज वाटू लागली तर ‘काटिया दिबे’, कापून टाक. पुढे ‘काहारओ अनुकरण करिओ ना’, कुणाचं अनुकरण करू नकोस. आणि शेवटी ‘ये कथार प्रमाण दिते पारिबे ना, ताहा लिखिओ ना’, ज्याचा पुरावा देता येणार नाही ते लिहू नकोस. ‘आपनि’ जाऊन ‘तुमि’ आलंय. दारात उभं राहून ‘बसा’ म्हणणारे गृहस्थ बोलता बोलता खांद्यावर हात ठेवून ‘हे बघ’ म्हणू लागतात. त्यांनी मुद्दाम केलं की हातून झालं, ते मी सांगू शकत नाही. पण आहे ते एवढ्याशा शेवटांवर, ‘-बेन’ आणि ‘-ओ’वर उभं आहे.

आणि मांडणी करणाऱ्या बाबूंनी, कामाला चोख माणूस, सगळीकडे सारखं दिसावं म्हणून ‘लिखिओ ना’चं ‘लिखिबेन ना’ करून ठेवलं होतं. ‘करिओ ना’चंही. समासात प्रश्नचिन्हसुद्धा नाही. मी दोन्ही शब्दांवरची दुरुस्ती खोडली, मूळ शब्द वर लिहिले, त्यांच्याखाली ठिपके दिले, ‘मूळात असंच आहे’ म्हणून बाजूला लिहिलं, आणि फोन करून पुन्हा सांगितलं.

“पण दिदि, हे जुळत नाही,” बाबू म्हणाले.

“हो,” मी म्हटलं, “तसंच राहू दे.”